छेद पाच कुठून आला?

मालवण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवायला घेतले, तेव्हा तपासणीत केलेली चूक सांगते. नव्याने शाळेवर रुजू झालेल्यांना उपयोगी पडेल.

कृतिपत्रिकेवर पहिला प्रश्न आकृतीचा होता. आयताचे ८ समान भाग, त्यातले ३ रंगवलेले. रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा. दुसऱ्यात ० ते १ अशी संख्यारेषा, तिचे ४ समान भाग आणि तिसऱ्या उडीच्या शेवटी टिंब. टिंबाखालची संख्या लिहा. एका मुलीने पहिल्याचं उत्तर ३/५ लिहिलं, दुसऱ्याचं ४/५. मी दोन्हीवर फुली मारली आणि समासात लिहिलं, "छेद चुकला, पुन्हा मोज." तिने पुन्हा मोजलं आणि तीच उत्तरं घेऊन आली.

मग तिला शेजारी बसवून म्हटलं, बोट ठेवून मोठ्याने मोज. आयतावर तिने रंगवलेले तीन मोजले, मग कोरे पाच, आणि तीनखाली पाच लिहिले. संख्यारेषेवर मात्र ती उड्या मोजतच नव्हती, उभ्या खुणा मोजत होती. शून्याची एक, मग दोन, तीन, टिंबापाशी चार. एकापर्यंत सगळ्या मिळून पाच. मी शून्यावरचं तिचं बोट उचललं, तशी ती म्हणाली, "बाई, शून्याची पण रेघच आसा मा?" तिचं मोजणं बरोबरच होतं, मोजायची वस्तू वेगळी होती. छेद दोन्हीकडे पाच आला म्हणून मी एकच शेरा दिला, पण चुका दोन होत्या आणि त्यांचे उपायही दोन.

आकृतीतल्या चुकीत मूल रंगीत आणि कोऱ्या भागांची तुलना करत असतं, अख्खी वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर नसते. तिथे मी आधी आयताच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवायला लावते, मग आतली सगळी घरं मोजून छेद आधी लिहून घेते. अंश नंतर. घावन चार जणांत वाटलं आणि एकाने खाल्लं, तर त्याला तिसरा हिस्सा मिळाला असं कोणतंच मूल म्हणत नाही. घावनाचा तुकडा पाव असतो हे त्याला घरीच माहीत असतं.

संख्यारेषेसाठी शाळेमागच्या गडग्याचे चार चिरे खळ्यात ओळीने टेकवून मांडले. चिरे चार, पण टोकांच्या कडा आणि सांधे मोजले तर पाच. पहिल्या कडेला उभं राहायचं, तोंडाने "शून्य" म्हणायचं आणि एक चिरा ओलांडला की मगच "एक". तीन चिरे ओलांडून जिथे पाय पडला ते ३/४. कागदावर परतल्यावर तिला खुणांवरून कमानी काढायला सांगितल्या आणि कमानी मोजून घेतल्या. एखाद्याने ३/५ लिहिलं असेल, तर अंशासाठी उड्या आणि छेदासाठी खुणा मोजल्या असण्याचा संभव जास्त. त्याला अर्धी वाट सापडलेली आहे, म्हणून अंशाभोवती मी बरोबरची खूण करते.

रेषा ० ते २ असली की आणखी एक गोम येते. प्रत्येक एककाचे ४ भाग आहेत आणि पाव-पावच्या ५ उड्या मारायच्या आहेत. उत्तर ५/४. कोणी १ लिहिलं तर त्याने शून्यालाच पहिली उडी धरली. कोणी ५/८ लिहिलं तर त्याने अख्खी रेषाच एक पूर्ण मानली. रेषेवर १ छापलेला असतो, त्यामुळे ५/८ चूकच. पण चार-चार भागांची दोन वर्तुळं काढून त्यातले पाच भाग रंगवले असतील आणि "एक वर्तुळ म्हणजे एक पूर्ण" असं प्रश्नात लिहिलंच नसेल, तर ५/८ म्हणणाऱ्याचे गुण मी कापत नाही. ते प्रश्न काढणाऱ्याचं अपुरेपण आहे. तसंच रंगवलेले भाग एकमेकांना चिकटून नाहीत म्हणून काही जण आकृती चूक देतात, तेही करू नये. भाग समान असले की ते कुठेही असोत.

आता मी गठ्ठा गुणांप्रमाणे लावत नाही. चुकीच्या उत्तरापुढे पेन्सिलीने "कोरे", "खुणा", "शून्य" किंवा "पूर्ण" एवढंच लिहिते आणि त्याप्रमाणे कागद वेगळे करते. बावीस कागदांना अर्धा तास जास्त लागतो, पण दुसऱ्या दिवशी कोणाला खळ्यात न्यायचं आणि कोणाला आयतापाशी बसवायचं ते ठरलेलं असतं.

पत्रिकाही बदलली. संख्यारेषेचे आता ४ ऐवजी ६ भाग करते. खुणा मोजणाऱ्याचा छेद ७ येतो, आयतातले कोरे भाग मोजणाऱ्याचा ५, आणि दोघे कागदावरच वेगळे दिसतात.