पाइल उपसून येऊ नये म्हणून: काम सुरू करण्याआधीची तयारी

जमिनीखालची टाकी रिकामी असते आणि भूजल वर चढलेले असते, तेव्हा टाकी तरंगू पाहते आणि तिच्याखालच्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वर ओढल्या जातात. दाबाखालच्या पाइलला बाजूचे घर्षण संपले तरी खाली टोकाचा आधार उरतो. ओढीत मात्र टोक कामाचे नाही. बाजूचे घर्षण आणि पाइलचे स्वतःचे वजन, एवढ्यावरच सगळे उभे असते. म्हणून अशा पाइलची तयारी मी दाबाच्या पाइलपेक्षा वेगळ्या क्रमाने करतो. मोजलेल्या उदाहरणासाठी एकच पाइल धरू: जागेवर बोअर करून ओतलेली, 500 मिमी व्यासाची, 12 मीटर लांब. तिच्यावर 130 किलोन्यूटन ओढ येणार आहे आणि टाकीच्या बाबतीत ती महिनोन्महिने टिकणारी आहे.

सगळ्यात आधी भूजलाची पातळी ठरवा, आणि बोअरहोलच्या नोंदीत जी दिसते तीच धरून चालू नका. नोंद बहुधा कोरड्या दिवसांतली असते. वाळूत घर्षण हे मातीच्या परिणामी दाबावर अवलंबून असते, म्हणजे कणाने कणाला दाबण्यावर, आणि पाणी चढले की तो दाब जवळपास निम्मा होतो. जे पाणी टाकीला उचलते तेच पाइलची पकडही सैल करते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात, म्हणून हिशेब त्या दिवसाचाच हवा.

आता वाळूचे गणित. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आलेले धरले, तर वाळूचे बुडालेले वजन घनमीटरला साधारण 9 किलोन्यूटन. 12 मीटरच्या मध्यावर उभा दाब 54 किलोपास्कल. बाजूचा दाब त्याच्या 0.7 पट आणि घर्षणकोन 30 अंश घेतला, तर सरासरी घर्षण सुमारे 21.8 किलोपास्कल येते. पाइलच्या बाजूचे क्षेत्रफळ 18.85 चौरस मीटर, म्हणजे एकूण 411 किलोन्यूटन. इथे थांबू नका. पाइल ओढली की ती किंचित बारीक होते आणि शेजारच्या वाळूतला ताणही बदलतो, त्यामुळे ओढीतले घर्षण दाबातल्या घर्षणापेक्षा कमी भरते. मी त्याला 0.75 ने गुणतो: 308. सुरक्षिततेसाठी त्याला 3 ने भागून 103, आणि पाइलचे बुडालेले वजन 33 मिळवून 136 किलोन्यूटन. गरज 130 ची आहे, पाइल जेमतेम बसते. हेच गणित पाणी टोकाच्या खाली आहे असे समजून केले, तर उत्तर 260 च्या आसपास येते आणि निम्म्या पाइल्स वगळण्याचा मोह होतो. हा मोह मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण त्यातली प्रत्येक पायरी बरोबर असते. चूक फक्त पहिल्या आकड्यात असते.

चिकणमातीत प्रश्न पाण्यापेक्षा काळाचा असतो. मातीची अनिचरित कातर-ताकद, म्हणजे आतल्या पाण्याला हलायला वेळ न मिळता ती सरकण्याला करते तो विरोध, 50 किलोपास्कल धरा, म्हणजे मध्यम कडक माती. बोअर केलेल्या पाइलला त्यातला सुमारे 0.59 हिस्सा चिकटून मिळतो: 29.4 किलोपास्कल. वरचे 1.5 मीटर वगळा, कारण तिथली माती सुकून भेगाळते आणि पाइलपासून सुटते. उरलेल्या 10.5 मीटरवर 485 किलोन्यूटन मिळतात. झटका सहन करायचा असेल, समजा मनोऱ्यावर वाऱ्याचा, तर हा आकडा चालतो. टाकीची ओढ मात्र टिकून राहते. कडक माती कातरली जाताना फुगू पाहते, तिच्या छिद्रांतले पाणी खेचले जाते, आणि ती काही काळ असते त्याहून मजबूत भासते. आठवडे-महिने गेले की पाणी आत झिरपते आणि ती उसनी ताकद निघून जाते. म्हणून परिणामी दाबावरचा हिशेब वेगळा करा: बाजूचा दाब 0.8 पट, कोन 24 अंश, त्या लांबीच्या मध्यावर 54 किलोपास्कल. उत्तर 317 येते, आधीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. टाकीसाठी हाच आकडा धरायचा: 2.5 ने भागून 127, वजनासह 160. टोकाखाली निर्माण होणारी शोषणशक्तीही या हिशेबात नको. सैद्धांतिकदृष्ट्या ती 88 किलोन्यूटनपर्यंत जाते, पण ती क्षणापुरती असते.

मग पाइल नेमकी कशी निसटेल याचे चित्र मनात स्पष्ट करा. लांबी व्यासाच्या 24 पट असलेली सरळ पाइल स्वतःच्या बाजूवरून सरकते आणि भोवतालची जमीन जवळपास जागची हलत नाही. लांबी व्यासाच्या तीन-चार पट असलेली आखूड पाइल मात्र शंकूच्या आकाराची माती सोबत घेऊन उठते. तिथे घर्षणाचे सूत्र फसवते, त्या शंकूचे वजन आणि कडेची ताकद मोजावी लागते. टोक फुगवलेल्या पाइलला दोन्ही प्रकार लागू होतात: उथळ असेल तर शंकू उठतो, खोल असेल तर माती फुगवट्याभोवती वाहून जाते.

तिसरा प्रकार मातीत नाही, पाइलमध्येच आहे. काँक्रीट ओढ घेत नाही असे समजूनच सळ्या ठरवा. 16 मिमीच्या सहा सळ्यांवर 130 किलोन्यूटनला सुमारे 108 मेगापास्कल ताण येतो, ते ठीक आहे. पण दाबाच्या पाइलसाठी आखलेली केज, म्हणजे सळ्यांचा पिंजरा, अर्ध्यावरच संपते. तशीच केज इथे उतरवली, तर पाइल त्या जागी तुटून वरचा तुकडा निघून येतो. केज टोकापर्यंत न्या. पाइलचे डोके फोडल्यावर पाइल कॅपमध्ये, म्हणजे पाइलवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, सळ्यांची पुरेशी लांबी, 16 मिमीसाठी साधारण 700 ते 750 मिमी, उरेल याची मोजणी आधीच करा. फोडताना सळ्या कापल्या गेल्या तर पाइल शाबूत आणि जोड निकामी, अशी अवस्था होते.

ओतण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो: चिकणमातीतला बोअर रात्रभर उघडा ठेवू नका. भिंत पाणी पिऊन मऊ होते आणि वर धरलेला 0.59 कागदावरच राहतो.

शेवटी चाचणी. ओढणाऱ्या तुळईचे टेकू पाइलपासून किमान पाच व्यास लांब ठेवा आणि अडीच मीटरपेक्षा जवळ आणू नका. टेकू जवळ आले की ते जमीन दाबतात, घर्षण वाढवतात आणि आकडा फुगतो. टोकापर्यंत जाणारी एक सुटी सळई नळीत ठेवून तिचे वर सरकणे वेगळे मोजा. डोके आणि टोक दोन्ही सारखे उठले, तर बाजू सरकली. डोके उठले आणि टोक जागेवर राहिले, तर सळ्या ताणल्या गेल्या आहेत किंवा पाइल तुटली आहे. भोवती जमीन फुगून भेगा किरणांसारख्या पसरल्या, तर शंकू उठतो आहे. बाजूचे घर्षण 5 ते 10 मिमी हालचालीतच पूर्ण वापरले जाते आणि नंतर पाइलने पेललेला भार घटतो, त्यामुळे डायल गेज वाचणाऱ्याने शेवटच्या टप्प्यांत नजर हटवू नये.

चाचणीचा आकडा वाचताना ती कोणत्या दिवशी झाली हे त्याच्या शेजारीच लिहा. आपल्या वाळूतल्या पाइलवर कोरड्या दिवसांत 670 किलोन्यूटनपर्यंत ओढ लागेल, पाणी चढल्यावर तीच 341 ला निघून येईल. चिकणमातीत दोन तासांच्या चाचणीत शोषणासह 600 दिसतील, त्यातले वर्षभरानंतर वजनासह 350 उरतील.