‘करण्यात आले’ मसुद्यातून कसं काढलं

मसुदा वाचताना कोणी काय केलं तेच कळेना. मग मी ‘ण्यात’ शोधलं. ‘पाण्यात’सारखे शब्दही सापडतात, ते सोडून द्यायचे. एक वाक्य होतं: ‘संपादकांकडून लेखाची तपासणी करण्यात आली व आवश्यक बदल करण्यात आले.’ ‘तपासणी करणे’चं सरळ ‘तपासणे’ झालं. ‘बदल’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र टिपणं उघडूनच कळलं. नवं वाक्य: ‘संपादकांनी लेख तपासला आणि शेवटचे दोन परिच्छेद गाळले.’ इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. ‘आली’ची सवय राहून ‘लेख तपासली’ होत नाही ना, तेवढं पाहावं. कर्ता ठाऊकच नसेल, तर ‘पाकीट चोरीला गेलं’ असंच ठेवते. तिथे ओढूनताणून ‘कोणीतरी’ आणत नाही.