खोकताना लघवी सुटते? गरोदरपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आवळावेत

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक झोळा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्याच्या आधारावर असतात. याच स्नायूंना पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढून मूत्राशयावर येतो. त्याच क्षणी हे स्नायू आवळून लघवीचा मार्ग बंद ठेवतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे ते सैलावतात, वरून बाळाचं वजन पडतं, त्यामुळे आवळायला उशीर होतो आणि थोडी लघवी सुटते.

आधी नेमका स्नायू ओळखा. कुशीवर झोपा किंवा खुर्चीत बसा. वायू सरतोय आणि तो रोखायचाय अशा बेताने शौचाची जागा आवळा, मग ते आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या. आत, वरच्या दिशेने ओढल्यासारखं वाटलं तर स्नायू बरोबर सापडला. नितंबांखाली हात ठेवून पाहा: नितंब उचलले गेले तर चूक. मांड्या आवळणं, श्वास कोंडणंही चूकच. सगळ्यात वाईट म्हणजे कुंथल्यासारखा खाली जोर देणं, कारण त्याने ताण उलट वाढतो. लघवी करताना धार मधेच थांबवून व्यायाम करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आता किती वेळ? स्वतःची मर्यादा मोजा. समजा सहाव्या महिन्यात तुम्हाला ४ सेकंदच धरता येतं आणि पाचव्या वेळी पकड सुटते. मग ४ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा, असं ४ वेळा. त्यानंतर पटकन आवळून लगेच सोडणं, १० वेळा. हे दिवसातून ३ दा. सोपं वाटू लागलं की एकेक सेकंद वाढवत १० सेकंद, १० वेळांपर्यंत जा. सैल सोडणं टाळू नका. सतत आवळलेला स्नायू थकतो, दुखतो आणि ऐन वेळी कामाला येत नाही.

खोकल्यासाठी वेगळा सराव लागतो: खोकला येतोय असं जाणवताच आधी आवळा, मग खोका, मग सोडा. सुरुवातीला मुद्दाम हलकं खोकून करून पाहा. शिंकताना, कुशीवरून उठताना, पाण्याची कळशी उचलतानाही हाच क्रम. क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि स्नायूत ताकद यायला साधारण तीन महिने.

बद्धकोष्ठ असेल तर आधी त्यावर उपाय करा, रोजच्या कुंथण्याने केलेली मेहनत वाया जाते.

खोकला नसतानाही पाणी गळत राहिलं, तर ते गर्भजल असू शकतं. लगेच दवाखाना गाठा. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. व्यायामाने दुखायला लागलं तर थांबून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.