फोटोतली इमारत नकाशावर शोधायला बसण्यापूर्वी

सगळ्यात आधी मूळ फाइल मिळवा. मेसेजमधून फिरत आलेल्या फोटोची मेटाडेटा माहिती बहुधा गळून गेलेली असते आणि आकारही बदललेला असतो. मूळ फाइल हातात असेल तर मेटाडेटा वाचणाऱ्या exiftool या प्रोग्रॅमला एवढंच विचारा:

```
exiftool -FocalLengthIn35mmFormat -ImageSize photo.jpg
```

समजा उत्तर आलं २६ मिमी आणि ४००० × ३००० पिक्सेल. अंतर काढायला फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये लागते. बरेच जण २६ ला फोटोच्या रुंदीने गुणून ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या रुंदीने, म्हणजे ३६ ने, भागतात आणि २८८९ पिक्सेल काढतात. पण ३५ मिमी फिल्मची चौकट ३:२ असते आणि हा फोटो ४:३ आहे, म्हणून कर्णाने हिशेब करणं जास्त बरोबर. फोटोचा कर्ण ५००० पिक्सेल, फिल्मच्या चौकटीचा ४३.२७ मिमी, म्हणजे २६ × ५००० ÷ ४३.२७, साधारण ३००४ पिक्सेल. फरक चार टक्क्यांचा आहे आणि तो पुढच्या प्रत्येक अंतरात तसाच उतरतो. फोटो कापलेला असेल तर हा हिशेब लागूच पडत नाही, म्हणून लांबी-रुंदीचं प्रमाण नेहमीचं आहे ना, ते इथेच पाहून घ्या.

मग फोटो मोठा करून इमारतीच्या उभ्या कडा बघा. त्या वर जाताना एकमेकींकडे झुकत असतील तर कॅमेरा वरच्या बाजूला कललेला होता आणि उंचीचं माप चुकणार. कडा समांतर असतील तर पुढे चला.

आता ओळखीची वस्तू. दार, माणूस, गाडी यांची मापं फार बदलती असतात. जिचं माप ठरलेलं आहे अशी वस्तू शोधा: फुटबॉलचा गोल (७.३२ × २.४४ मीटर), रेल्वेचे रूळ (गेज कोणतं ते माहीत असेल तर), मालवाहू कंटेनर. पुढचं उदाहरण कंटेनरचं घेतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक त्याच्यावरच झाली.

चार मजली इमारतीच्या भिंतीला मागची बाजू टेकवून एक २० फुटी कंटेनर उभा आहे, तोंड कॅमेऱ्याकडे. तो फोटोत जरा डावीकडे असल्यामुळे त्याची उजवी बाजूही दिसते आहे. समोरच्या तोंडाची उंची १३० पिक्सेल भरली. साध्या कंटेनरची उंची २.५९ मीटर, हाय-क्यूब या उंच प्रकाराची २.९० मीटर. कोणता आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकाने अंतर ६० मीटर येतं आणि दुसऱ्याने ६७. कंटेनरवरचा कोड वाचता आला तर प्रश्नच मिटतो, पण या अंतरावर दहा सेंटिमीटरचं अक्षर जेमतेम पाच पिक्सेलचं असतं. म्हणून तोंडाची रुंदीही मोजा. रुंदी दोन्ही प्रकारांत २.४४ मीटरच असते, त्यामुळे साध्यात रुंदी भागिले उंची ०.९४ येते, हाय-क्यूबमध्ये ०.८४. इथे रुंदी १२२ पिक्सेल आहे, म्हणजे साधा कंटेनर. अंतर ३००४ × २.५९ ÷ १३०, ६० मीटर.

इथेच मी एकदा घसरलो. कंटेनरच्या तोंडावरून ‘एका मीटरला ५० पिक्सेल’ असं प्रमाण काढलं आणि तेच भिंतीला लावलं. भिंतीची रुंदी १२०५ पिक्सेल होती, ती २४ मीटर आली. नकाशावर २६.५ मीटरची इमारत समोर दिसत असूनही ‘अडीच मीटरचा फरक आहे’ म्हणून ती यादीतून काढून टाकली. ती खरी होती. कंटेनरचं तोंड ६० मीटरवर होतं, पण त्याची लांबी ६.०६ मीटर, म्हणजे भिंत ६६ मीटरवर. ६६ मीटरवर एका मीटरला ४५.५ पिक्सेलच मिळतात. त्या हिशेबाने भिंत २६.५ मीटर रुंद, आणि ६२८ पिक्सेल उंचीची इमारत १३.८ मीटर उंच.

म्हणून माझ्या तयारीत आता एक गोष्ट पक्की आहे: मोजपट्टी म्हणून धरलेली वस्तू भिंतीच्या किती पुढे आहे, हे आधी लिहून ठेवायचं. शक्य असेल तर भिंतीला टेकलेला भागच मोजायचा. याच फोटोत कंटेनरची मागची उभी कड दिसते, ती ११८ पिक्सेल आहे. ११८ ला २.५९ ने भागलं की ४५.५ पिक्सेल, भिंतीचं प्रमाण थेट हातात. फोकल लेंग्थ माहीत नसली तरी हे चालतं. मोजताना एका पिक्सेलची चूक झाली तरी भिंतीची रुंदी २६.२ ते २६.७ मीटरच राहते.

मात्र पुढची कड १३० आणि मागची ११८, एवढ्यावरून फोकल लेंग्थशिवाय अंतर काढायला जाऊ नका. ते गणित दोन मापांतल्या १२ पिक्सेलच्या फरकावर उभं असतं. मागची कड एका पिक्सेलने कमी मोजली तर कंटेनर ५५ मीटरवर येतो, एका पिक्सेलने जास्त मोजली तर ६६ वर.

उंची मजल्यांशी ताडून बघा. १३.८ मीटरमधून गच्चीचा एक मीटरचा कठडा वजा केला तर चार मजल्यांना प्रत्येकी ३.२ मीटर मिळतात, राहत्या इमारतीला ते पटतं. मजला २.२ मीटरचा निघाला असता तर मोजपट्टी चुकली असं समजायचं.

मजल्यांची ही उंची पुढे फार कामाची आहे. पहिल्या इमारतीचा मजला १४६ पिक्सेलचा दिसतो. तिच्या बाजूने मागे तशाच बांधणीची दुसरी इमारत डोकावते आणि तिचा मजला ७३ पिक्सेलचा आहे. अर्धा, म्हणजे दुप्पट लांब, १३२ मीटरवर. कंटेनर न लागता दुसरं अंतर मिळालं. दोन्ही इमारती एकाच वसाहतीतल्या वाटत नसतील, खिडक्या आणि सज्जे वेगळे असतील, तर हे गृहीत धरू नका.

आता नकाशा. त्यावर मोजताना फसवणारी गोष्ट प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची आहे. वेब नकाशांच्या EPSG:3857 प्रक्षेपणात सपाट मोजलेलं अंतर विषुववृत्तापासून दूर जावं तसं फुगतं, ६० अंश अक्षांशावर दुप्पट होतं. QGIS या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये `length($geometry)` हे सपाट माप देतं. `$length` प्रकल्पात ठरवलेल्या, पृथ्वीच्या आकाराच्या लंबगोलावर मोजतं, ते वापरा. शिवाय इमारतीची नकाशावरची बाह्यरेषा, म्हणजे फूटप्रिंट, बहुधा हवाई चित्रातल्या छपरावरून काढलेली असते. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन्हीकडे अर्धा मीटर आलं असेल तर नकाशावरची बाजू एक मीटरने जास्त भरते. म्हणून शोध २६ ते २८ मीटरचा ठेवा. उंच इमारतीचं छप्पर हवाई चित्रात एका बाजूला कललेलं दिसतं, त्यामुळे बाह्यरेषेची जागा काही मीटर सरकलेली असू शकते. लांबी-रुंदीला त्याने फारसा धक्का लागत नाही.

२७ मीटरच्या इमारती कुठेही डझनांनी सापडतात, एका मापाने काही ठरत नाही. जोडी शोधा: समोरच्या भिंतीपासून त्याच दिशेला आणखी ६६ मीटर मागे दुसऱ्या इमारतीची भिंत. जोडी मिळाली की समोरच्या भिंतीला लंब टाकून ६६ मीटरवर तिला समांतर रेषा आखा. कॅमेरा या रेषेवर कुठेतरी आहे. नेमकी जागा मागच्या इमारतीचा कोपरा सांगतो. फोटोत तो चौकटीच्या मध्यापासून ७५१ पिक्सेल उजवीकडे आहे, आणि १३२ मीटरवर ७५१ पिक्सेल म्हणजे ३३ मीटर. पुढच्या इमारतीचा उजवा कोपरा ५०१ पिक्सेलवर, ६६ मीटरवर म्हणजे ११ मीटर. नकाशावर या दोन कोपऱ्यांतलं आडवं अंतर २२ मीटर भरलं पाहिजे. भरलं, तर पुढच्या कोपऱ्यापासून ११ मीटर डावीकडे या आणि तिथून आखलेल्या रेषेपर्यंत सरळ मागे जा. कॅमेरा तिथे होता. २२ च्या जागी ३० आलं, तर जोडी चुकीची आहे, पुढची घ्या.