परीक्षेच्या पंधरवड्यात रूममेटला चिठ्ठी लिहिताना या चुका टाळा

“प्लीज, माझी परीक्षा आहे. पंधरा दिवस जरा शांतता ठेव. पुन्हा पुन्हा सांगावं लागू नये.”

फ्रिजवर चिकटवलेल्या बहुतेक चिठ्ठ्या याच वळणाच्या असतात. वाचणाऱ्याला टोमणा तेवढा कळतो. काय करायचं ते कळत नाही. दोन दिवस तो दबकून वावरतो, तिसऱ्या दिवशी विसरतो आणि पाचव्या दिवशी भांडण होतं. या तीन वाक्यांत काय काय बिघडलंय ते पाहू, कारण जवळजवळ सगळ्या चुका यातच सापडतात.

“जरा शांतता” म्हणजे किती?

चिठ्ठी चांगली की वाईट हे ओळखायला मी एकच कसोटी लावतो. रात्री पावणेअकराला रूममेट फोनवर बोलत असताना त्याला चिठ्ठी आठवली, तर आपण नियम मोडतोय की नाही हे त्याला स्वतःचं स्वतःला ठरवता यायला हवं. “जरा शांतता”वरून ते ठरत नाही. त्याच्या मते तो हळूच बोलत असतो. शेजारच्या खोलीत तुम्ही उशीत डोकं खुपसून बसलेले असता, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

म्हणून चिठ्ठीत वेळ हवी, आवाज कोणता ते हवं आणि तो कुठे नको तेही हवं. “नऊनंतर स्पीकर नको” हे त्याला पाळता येतं. “समजून घे” हे पाळायचं कसं?

आवाजांची नावं लिहायची तर नेमका त्रास कशाचा होतो ते आधी बघा. पंख्याची एकसारखी घरघर थोड्या वेळानं कानाआड होते. अर्धवट ऐकू येणारं बोलणं तसं होत नाही, कारण त्यातले शब्द मेंदू आपोआप पकडत राहतो आणि वाचलेली ओळ हातची निसटते. गाण्याचा ठेका, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, भिंतीतून सहज पलीकडे जातो. आवाज कमी केला तरी धपधप राहतेच. स्पीकर भिंतीला टेकलेला असेल किंवा भिंतीतल्या फळीवर असेल, तर ती भिंतच हादरते. अशा वेळी “आवाज कमी कर” म्हणण्यापेक्षा “स्पीकर भिंतीपासून सरकव” म्हटलेलं जास्त कामी येतं. बोलण्याचा आवाज मात्र बराचसा दाराखालच्या फटीतून येतो. तिथे जाड टॉवेलची गुंडाळी लावली की फरक पडतो, आणि त्यासाठी कुणाला काही मागावंही लागत नाही.

कॉलबद्दल लिहिताना “हेडफोन लाव” एवढ्यावर थांबू नका. हेडफोननं समोरच्याचा आवाज बंद होतो, पण बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो आणि तो नकळत चढ्या आवाजात बोलायला लागतो. एक कान मोकळा ठेवायला सांगा.

पंधराही रात्री सारख्याच मागणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पंधरा रात्री गप्प बसायला कुणी तयार होत नाही. तोंडानं हो म्हटलं तरी ते टिकत नाही. शिवाय तुम्हालाही तेवढं लागत नसतं.

एक उदाहरण घेऊ. दोघांचा फ्लॅट, दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. एकाची परीक्षा, दुसऱ्याची नोकरी. पेपर ४, ६, ९, १३ आणि १५ तारखेला, सगळे सकाळी दहाला. नोकरीवाल्याचे दर मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा कॉल असतात आणि ते त्याला हलवता येत नाहीत.

आता कॅलेंडर समोर ठेवा. ४ तारखेला सोमवार आहे. पेपरच्या आदल्या रात्री म्हणजे ३, ५, ८, १२ आणि १४. खरी गरज आहे ती या पाच रात्रींची. त्यातली ३ रविवारी आणि ८ शुक्रवारी येते, तेव्हा कॉल नसतातच. ५ आणि १२ला मंगळवार, १४ला गुरुवार. म्हणजे अडचण तीन रात्रींची, तीही एकेका तासाची. ७ तारखेच्या गुरुवारी कॉल आहे, पण ८ला पेपर नाही, तो चालू द्या.

पंधरा रात्रींची मागणी तीन तासांवर आली. एवढं मागितलं तर माणूस विचार तरी करतो. तारखा जुळवायला दहा मिनिटं लागतात आणि चिठ्ठीचं निम्मं काम तिथेच होतं. भाषा गोड करण्यात तास घालवण्यापेक्षा हे करा.

आपला गोंगाट विसरणं

परीक्षा देणारा माणूस स्वतःला शांत समजतो. पहाटे पाचला गजर लावून तो चार वेळा स्नूझ करणारा तोच असतो. टेबलावर ठेवलेला फोन थरथरला की पलीकडे काय ऐकू येतं हे त्याला माहीत नसतं. येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठांतर, मध्यरात्री मित्राला फोन लावून शंका विचारणं, चहासाठी भांडी वाजवणं, हे सगळं ज्याला सकाळी कामावर जायचंय त्याच्या झोपेच्या वेळी चालतं. चिठ्ठीत आपल्या बाजूच्या दोन नेमक्या गोष्टी नसतील तर ती हुकूमनामा वाटते. “मीही काळजी घेईन” हे त्या दोनांत मोजू नका.

लिहायची वेळ आणि लावायची जागा

आवाज चालू असताना लिहिलेली चिठ्ठी पाठवू नका. “तू नेहमी”, “कधीच”, “दर वेळी” हे शब्द त्याच वेळी सुचतात. वेळापत्रक हातात आलं की लिहा, पहिल्या पेपरच्या आठवडाभर आधी, म्हणजे समोरच्याला काही हलवायचं असेल तर सवड मिळते.

फ्लॅटच्या ग्रुपवर किंवा फ्रिजच्या दारावर ती पहिल्यांदा दिसता कामा नये. तिथे पाहुणेही वाचतात आणि ज्याच्यासाठी आहे तो चारचौघांत उघडा पडतो. त्याला एकट्याला पाठवा, शक्यतो तोंडी दोन वाक्यं बोलून. दोघांचं ठरलं की मग तारखांचा कागद फ्रिजवर खुशाल लावा. आणि फ्लॅटमध्ये तिघंचौघं असताना एकालाच उद्देशून “सर्वांना विनंती” लिहू नका. कुणाला म्हटलंय ते सगळ्यांना कळतं आणि त्याला जास्त झोंबतं.

तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली तर

वरच्या उदाहरणासाठी ती अशी होईल:

“अरे, ४ ते १५ माझी परीक्षा आहे. पेपर ४, ६, ९, १३, १५ला, सकाळी दहाला. म्हणून ३, ५, ८, १२, १४ या पाच रात्री नऊनंतर स्पीकर नको आणि मधल्या भिंतीजवळ बोलणं नको. कुणी येणार असेल तर त्या दिवशी नऊपर्यंतच. बाकीच्या रात्री नेहमीसारखं चालू दे, फक्त अकरानंतर हेडफोन.

तुझे कॉल ५, १२ आणि १४ला आडवे येतायत. त्या तीन दिवशी बाहेरच्या खोलीत घेशील का, एक कान मोकळा ठेवून? तिथे नेट नीट येत नसेल तर मी माझ्या खोलीऐवजी बाहेर बसेन, तू आतच घे. दुपारपर्यंत सांगितलंस तरी चालेल.

पेपरच्या सकाळी आठ ते साडेआठ बाथरूम मला लागेल. माझा गजर पाचला एकदाच वाजेल, स्नूझ नाही. पाठांतर तू उठेपर्यंत मनातल्या मनात. कचऱ्याची माझी पाळी मीच करेन. भांडी पेपरच्या आदल्या रात्री पडून राहिली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घासून होतील.

१५च्या संध्याकाळपासून हे सगळं बंद. यातलं काय जमणार नाही ते उद्यापर्यंत सांग, बदलू.”

यात “प्लीज” एकदाही नाही आणि मला त्याची उणीव वाटत नाही. नम्रपणा “घेशील का”मध्ये आहे, दुसऱ्या पर्यायात आहे आणि शेवटच्या तारखेत आहे. शेवटची तारीख लिहिली नाही तर परीक्षा संपल्यावरही नियम तसेच लोंबकळत राहतात आणि पुढच्या वेळी कुणी हो म्हणत नाही. ती गाळू नका.

तरीही बिघडलं तर

उत्तरच आलं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. एक दिवस थांबा आणि समोरासमोर एकच गोष्ट विचारा, सगळ्यात अवघड असलेली: “५ तारखेचा कॉल बाहेर जमेल ना?” अख्खी चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवू नका.

हो म्हणाला, पण पाळत नाही. बहुतेक वेळा तो तारखा विसरलेला असतो, कारण पेपर तुमचे आहेत, त्याचे नाहीत. त्या पाच दिवशी दुपारी एका ओळीचा मेसेज टाका: “आज नऊनंतरची रात्र.” रोज टाकलात तर तो वाचणं सोडून देईल.

ऐन वेळी आवाज सुरू झाला. भिंतीवर थाप मारू नका, दारही आपटू नका. त्यानं आवाज थांबतो, पण मग सकाळी बाथरूमसाठी अर्धा तास थांबावं लागतं. आधीच एक शब्द ठरवून ठेवा, समजा “भिंत”. तेवढाच टाइप करून पाठवायचा. त्यावर चर्चा नाही, मागची यादी नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर उठून जाऊन सांगा, आणि तेव्हाही बोलणं आजच्या रात्रीपुरतंच ठेवा.

पाहुण्यानं आवाज केला. त्यानं चिठ्ठी वाचलेली नाही, त्याला तुम्ही सुनावू नका. रूममेटला बाजूला घेऊन सांगा, पुढचं तो बघेल.

कॉल खरोखरच हलेना आणि बाहेरची खोलीही चालेना. मग तुम्ही हला. त्या एका तासापुरती जागा आधीच शोधून ठेवा, वाचनालय किंवा मित्राची खोली, आणि घोकायचं काम मागे ठेवून सराव प्रश्नपत्रिका सोडवणं किंवा सूत्रं लिहून काढणं अशी कामं त्या वेळेला लावा. हाताशी लिहिणं असलं की कानावर पडणाऱ्या बोलण्याचा जाच थोडा कमी होतो. पूर्ण जात नाही.

पेपर पुढे ढकलला. हे हमखास विसरतं. १३चा पेपर १४वर गेला की शांततेची रात्र १२ऐवजी १३ होते, आणि १३ला बुधवार, म्हणजे कॉलची अडचणच उरत नाही. बदल कळताच त्याच दिवशी कळवा आणि जुनी रात्र मोकळी झाल्याचंही सांगा: “१२ला आता आतच कॉल घे, त्याऐवजी १३.”