नंबर बरोबर, तरी नीट दिसत नाही? चष्म्याच्या बाबतीत या चुका टाळा

नव्या चष्म्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला जमीन तिरकी वाटते, कुणाला पहिल्यापेक्षा धूसर दिसतं. यावर बहुतेक जण एकच निदान करतात, ते म्हणजे नंबर चुकला. कधीकधी तो खरंच चुकलेला असतो. पण नंबर बरोबर असून चष्मा त्रास देतोय असंही पुष्कळदा होतं, कारण काच डोळ्यापुढे नेमकं काय करते याबद्दल आपल्या डोक्यात भलतंच चित्र असतं.

आधी तेवढं नीट करून घेऊ. काच डोळा दुरुस्त करत नाही. प्रकाश डोळ्यात शिरण्याआधीच ती त्याला थोडा वळवते. डोळ्याची स्वतःची वळवण्याची ताकद, चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात त्या डायॉप्टरमध्ये, साठच्या आसपास असते आणि तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा असतो. त्यापुढे चष्म्याचे दोन-अडीच डायॉप्टर म्हणजे किरकोळ फेरफार. पण डोळ्याचा गोळा जेमतेम २४ मिलिमीटर लांब असतो आणि तो एका मिलिमीटरनं वाढला तरी अडीच-तीन नंबर लागतो. तेव्हा किरकोळ फेरफारही मोठा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा उजव्या डोळ्याचा नंबर मायनस २.५० आहे आणि तिरपा नंबर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा लागणारा नंबर, नाही. हा डोळा चष्म्याशिवाय ४० सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ पाहतो, त्यापुढे सगळं धूसर. १०० भागिले ४० म्हणजे अडीच, आणि नंबराचा अर्थ तेवढाच आहे. दूरच्या झाडाकडून येणारे किरण जवळपास समांतर असतात. अशा डोळ्यात ते दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच एकत्र येतात आणि पटलावर नुसता पसारा पोचतो. मधे पातळ, कडेला जाड अशी अंतर्वक्र काच त्या समांतर किरणांना इतकंच फाकवते की ते ४० सेंटिमीटरवरून निघाल्यासारखे वाटावेत. झाड जागचं हलत नाही, पण त्याची प्रतिमा डोळ्याला जमणाऱ्या अंतरावर येते. हे घरीही पाहता येतं. चष्मा काढा, एक डोळा झाका, बारीक छपाई हळूहळू लांब न्या आणि ती पुसट व्हायला लागते तिथे पट्टी लावा. मायनस नंबर असलेल्याला आपला नंबर असा ढोबळपणे सापडतो. तिरपा नंबर असेल तर मात्र या मोजणीवर भरवसा ठेवू नका.

चूक पहिली : जितका कडक तितका चांगला

तपासणीत "आता जास्त स्पष्ट का?" असं विचारलं की तरुण माणसं सारखं "हो, हो" म्हणत जातात. मायनस वाढला की अक्षरं जरा लहान, काळी आणि कोरीव दिसतात, आणि तीच जास्त स्पष्ट वाटतात. आता वरच्याच माणसाला २.५० ऐवजी ३.२५ दिला असं धरा. काच किरणांना गरजेपेक्षा पाऊण डायॉप्टर जास्त फाकवते. तेवढं भरून काढायला डोळ्यातलं भिंग सतत फुगून राहतं. ही समायोजन शक्ती तरुणपणी भरपूर असते, त्यामुळे लांबचं मस्त दिसतं आणि शंका येत नाही. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरलं की नेहमीच्या तीनऐवजी पावणेचार डायॉप्टरचं काम पडतं. संध्याकाळपर्यंत कपाळ जड होतं, आणि बिचारा माणूस स्क्रीनला दोष देतो.

ओळखायचं कसं? चष्मा घालून लांबचे फलक बघताना तपासनिसाला पुढे प्लस ०.७५ ची काच धरायला सांगा. नंबर बरोबर असेल तर अक्षरं लगेच धूसर व्हायला हवीत. नाही झाली तर मायनस जास्त चढलाय. लाल-हिरव्या फलकाची चाचणीही यासाठीच असते. हिरव्यावरची अक्षरं लालपेक्षा ठसठशीत दिसत असतील तर मायनस कमी करायला हवा. एवढी पाच मिनिटं काढायला मागेपुढे पाहू नका.

याच्या उलटही एक समजूत आहे की मुलाला मुद्दाम कमी नंबर दिला तर वाढ थांबते. त्यात तथ्य नाही. मूल फक्त धूसर बघत राहतं.

चूक दुसरी : लांबचं दिसतंय, मग प्लस कशाला?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. प्लसवाला डोळा बहुधा जरा आखूड असतो, त्यामुळे किरण दृष्टिपटलावर पोचतात तेव्हा अजून एकत्र आलेले नसतात. पण तरुण डोळा भिंग फुगवून हे स्वतःच निभावतो. प्लस २.०० ची गरज असलेली वीस वर्षांची मुलगी लांबचा फलक अचूक वाचेल, चष्म्याशिवाय. तिला त्यासाठी नुसतं लांब बघतानाही २ डायॉप्टर खर्च करावे लागतात, आणि पुस्तकासाठी वर आणखी ३. वीस वर्षांच्या डोळ्याकडे साधारण १० असतात, म्हणून जमून जातं. चाळिशीपर्यंत हा साठा निम्म्यावर येतो आणि पन्नाशीत जेमतेम दोन उरतात. मग इतरांच्या आधी तिचं जवळचं वाचन बिघडतं आणि नंतर लांबचंही. "माझी नजर एकदम उतरली" असं म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. नंबर आधीपासून होता, डोळा तो झाकत होता.

म्हणूनच लहान मुलांच्या तपासणीत थेंब घालून समायोजन तात्पुरतं थांबवतात. थेंबाशिवाय मुलाचा डोळा प्लस लपवतो आणि कागदावर कमी आकडा येतो. थेंब नको म्हणून हट्ट धरणं ही पालकांची चूक.

दुसरी चूक चष्मा मिळाल्यावर होते. इतकी वर्षं भिंग आवळून बघणारा डोळा एका दिवसात सैल पडत नाही. बहिर्वक्र काच किरणांना आधीच एकत्र आणते, वर डोळाही आपलं काम चालूच ठेवतो, मग किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि लांबचं पुसट दिसतं. लोक म्हणतात, "प्लसनं माझी लांबची नजर घालवली," आणि चष्मा कपाटात जातो. दोन-तीन आठवडे रोज घालून बघा. तरीही पुसटच राहिलं तर तपासणाऱ्याला सांगा, ते प्लस थोडा कमी करून टप्प्याटप्प्यानं वाढवतील.

चाळिशीच्या चष्म्याचं प्रकरण वेगळं. त्यात डोळ्याची लांबी ठीक असते, भिंग ताठर झालेलं असतं. काच प्लसचीच, पण ती फक्त जवळच्यासाठी असते. ती घालून रस्त्यावर बघितलं तर धूसर दिसणारच.

चूक तिसरी : चष्मा नाकावरून घसरलेला

नंबर काढताना काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, आणि तो आकडा त्याच जागेसाठी खरा असतो. मायनस ६.०० ची काच घसरून २२ मिलिमीटरवर आली की डोळ्याला आता ६.३८ ची काच हवी असते, म्हणजे पाव-पाव नंबराच्या हिशेबानं दीड पायरी कमी पडते. माणूस चष्मा बोटानं मागे रेटतो आणि स्पष्ट दिसतं. हे दिसलं की मी आधी नाकाच्या पट्ट्या आणि काड्या बघतो. बऱ्याच वेळा त्या आवळल्यावर तक्रार संपते. रेटून ठेवल्यावरच स्पष्ट दिसत असेल आणि चौकट ठीक बसलेली असेल, तर मात्र नंबर वाढलाय का ते तपासा.

प्लसचं उलट आहे. मोठ्या प्लसची काच पुढे सरकली की ती जास्त जोरकस ठरते आणि लांबचं धूसर होतं. मोतीबिंदू काढल्यावर आत भिंग बसवायचं नसे त्या काळात लोकांना प्लस १० च्या आसपासचे जाड चष्मे लागत. वाचायला ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत, त्याचं कारण हेच. चार नंबराच्या आत हा फरक सहसा जाणवत नाही.

चूक चौथी : काचेचं केंद्र बाहुलीसमोर नाही

काचेच्या मध्याशी किरण सरळ जातात, बाजूला गेलं की वाकतात, आणि नंबर जितका मोठा तितके जास्त. समजा दोन बाहुल्यांत ६४ मिलिमीटर अंतर आहे, पण चौकट मोठी घेतली आणि काचांची केंद्रं ७० वर बसली. प्रत्येक डोळा केंद्रापासून ३ मिलिमीटर आत बघतो. मायनस ६ च्या काचेत एक मीटरवरची वस्तू प्रत्येक डोळ्याला १.८ सेंटिमीटर सरकून दिसते, दोघांना बाहेरच्या बाजूला. एकच चित्र दिसण्यासाठी डोळ्यांना बाहेर फाकावं लागतं, आणि ते डोळ्यांना फार काळ जमत नाही. मायनस १ असता तर तोच फरक ०.३ सेंटिमीटर झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. म्हणून मित्राचा मोठ्या काचांचा चष्मा मस्त बसतो, पण तसाच आपल्याला त्रास देतो.

तपासायला एक डोळा झाका. दोन्ही डोळ्यांनी त्रास होतो आणि एकेकानं होत नाही, तर संशय केंद्रांवर किंवा दोन काचांच्या मेळावर घ्या. एका डोळ्यानं बघतानाही धूसर दिसत असेल तर त्या डोळ्याचा नंबर पुन्हा काढून घ्या. दुकानात केंद्रांमधलं अंतर यंत्रावर मोजून तुमच्या कागदाशी ताडता येतं, तसं मागायला संकोच नको.

नंबर काढायची वेळ

रक्तातली साखर खूप वर-खाली होत असताना डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि नंबर बदलतो, पुष्कळदा मायनसकडे. साखर आटोक्यात आली की तो पुन्हा सरकतो आणि नवी काच निकामी होते. साखर काही आठवडे स्थिर होईपर्यंत थांबा.

आणि काच बदलण्याआधी एक साधी कसोटी करून पाहा. जाड कागदाला टाचणीनं जेमतेम एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि चष्मा घालूनच त्यातून दूरचा फलक बघा. स्पष्ट झालं तर दोष प्रकाश वळवण्यात आहे आणि काचेनं सुधारण्यासारखा आहे. तितकंच धूसर राहिलं तर काच बदलून उपयोग नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्यासमोर अचानक पडदा आला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा डोळा दुखून लाल झाला, तर ही कसोटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जा.