बारा लाखांपर्यंत करमाफी समजावून सांगताना या चुका टाळा

1 फेब्रुवारी 2025 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीतील बदल जाहीर केले, तेव्हापासून ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य पुण्यातल्या घराघरांत पोहोचले आहे. वाक्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभासदांना हा बदल समजावून सांगताना, मी प्रथम तेवढेच लिहिले होते. त्यावर एका काकांनी विचारले, “माझा पगार चौदा लाख आहे. म्हणजे वरच्या रकमेवरच कर ना?” वाचकाकडून असा प्रश्न आला, की आपल्या मजकुरातून स्लॅब आणि सूट या दोन गोष्टी एकत्र मिसळल्या गेल्या आहेत, असे समजावे.

आर्थिक वर्ष 2025-26 साठी शून्य कराचा स्लॅब फक्त चार लाखांपर्यंतच आहे. पुढे चार ते आठ लाखांवर 5 टक्के, आठ ते बारा लाखांवर 10 टक्के आणि बारा ते सोळा लाखांवर 15 टक्के कर लागतो. करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाख असेल, तर कर 60,000 रुपये होतो आणि तेवढीच सूट, म्हणजे कलम 87अ खालील रिबेट, तो पूर्ण पुसून टाकते. उत्पन्न बारा लाखांच्या पुढे गेले, की ही सूट उरत नाही आणि चार लाखांपासूनचा कर पुन्हा हिशेबात येतो.

काकांचाच हिशेब पाहू. चौदा लाख पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली, की करपात्र उत्पन्न 13,25,000 रुपये राहते. बारा लाखांपर्यंतचे 60,000 आणि वरच्या सव्वा लाखावर 15 टक्क्यांनी 18,750, असे मिळून 78,750 रुपये होतात, आणि 4 टक्के उपकर धरून 81,900 रुपये. काकांनी मनात धरलेली रक्कम यातील 18,750 एवढीच होती. बदलाचा खरा फायदा सांगायचा, तर आदल्या वर्षीच्या नव्या प्रणालीतील दरांनी याच पगारावर उपकरासह 1,09,200 रुपये भरावे लागले असते. म्हणजे वर्षाला 27,300 रुपये, महिन्याला 2,275 रुपये वाचतात. ‘ऐंशी हजार वाचले’ असे वाक्य बारा लाख करपात्र उत्पन्न असलेल्या व्यक्तीचे आहे. ते चौदा लाखांच्या पगाराला लागू करू नये.

दुसरी चूक सीमेवरच्या पगाराबाबत होते. पगार 12,75,000 असताना कर शून्य आणि 13,00,000 झाला, की एकदम 63,750, असे लिहिले तर वाचक घाबरून पगारवाढच नाकारायचा विचार करतो. प्रत्यक्षात येथे सीमांत सवलत मिळते: बारा लाखांवर जितके उत्पन्न, त्याहून अधिक कर आकारला जात नाही. म्हणून करपात्र 12,25,000 रुपयांवर कर 25,000 आणि उपकरासह 26,000 रुपये येतो. उपकर या सवलतीनंतर लावला जात असल्याने, वाढलेल्या 25,000 रुपयांपेक्षा कर 1,000 रुपयांनी जास्तच होतो, आणि ही बाबही वाचकाला सरळ सांगावी. करपात्र उत्पन्न सुमारे 12,70,600 रुपयांपर्यंत गेले, की सवलतीची गरज संपते आणि नेहमीचा हिशेब सुरू होतो.

घराचे उत्पन्न आणि व्यक्तीचे उत्पन्न यांतही गल्लत होते. पती-पत्नी दोघांचा पगार प्रत्येकी बारा लाख असेल, तर दोघांचाही कर शून्य. एकाच व्यक्तीचा पगार चोवीस लाख असेल, तर प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह 2,92,500 रुपये भरावे लागतात. ‘चोवीस लाखांचे कुटुंब’ असा शब्दप्रयोग म्हणूनच टाळावा.

शेवटची चूक बहुतेक वेळा विवरणपत्र भरताना उघडकीस येते. समजा, पगारातून वजावट होऊन 11,00,000 रुपये करपात्र उरले आणि शेअर विकून, एका वर्षाच्या आत, एक लाखाचा नफा झाला. एकूण उत्पन्न बरोबर बारा लाख, त्यामुळे वाचक निश्चिंत असतो. मात्र अशा अल्पकालीन भांडवली नफ्यावर 20 टक्क्यांचा विशेष दर आहे आणि आर्थिक वर्ष 2025-26 साठी 87अ ची सूट त्याला मिळत नाही. पगाराचा 50,000 रुपये कर सुटेल, पण नफ्यावरचे 20,000 आणि उपकर मिळून 20,800 रुपये भरावेच लागतील. म्हणून बारा लाखांचे उदाहरण देताना, ते पगार, पेन्शन किंवा ठेवीच्या व्याजाचे आहे, हे त्याच वाक्यात लिहावे.